'कळवतो' म्हणून गेलेला माणूस



गेल्या काही वर्षांत आमच्या समुपदेशन केंद्रात एक प्रश्न वरचेवर येऊ लागला आहे. तो सरळ समोरून येत नाही. मुलगी येते ती झोप लागत नाही म्हणून, कामात लक्ष नाही म्हणून, आईशी सारखे खटके उडतात म्हणून. तास-दीड तास बोलणं झालं, चहा झाला, की मग ती हळूच फोन काढते आणि विचारते, "ताई, हे जरा वाचून सांगाल का? मंगळवारी हा माणूस रात्री तीन तास माझ्याशी बोलत होता. मी एक ओळ लिहिली की मिनिटात उत्तर. आणि आता चार दिवस झाले, एक अक्षर नाही. माझं काय चुकलं?"

डेटिंग ॲपवर नुकतीच ओळख झालेला माणूस एक दिवस भराभर उत्तरं देतो आणि मग कित्येक दिवस गप्प होतो, असं का होतं? हा विषय संपादकीयासाठी घ्यावा असं मी मांडलं तेव्हा आमच्या बैठकीत दोघीतिघींनी नाकं मुरडली. हुंडा आहे, मारहाण आहे, पोटगीचे अर्ज वर्षानुवर्षं पडून आहेत, आणि आपण मोबाईलवरच्या प्रेमाबद्दल लिहायचं का? त्यांचं म्हणणं मला समजतं. पण त्या मुलीच्या प्रश्नातले शेवटचे तीन शब्द पाहा. 'माझं काय चुकलं?' हे शब्द आपण कुठे कुठे ऐकले आहेत, ते आठवून पाहा.

कांदेपोह्यांचा कार्यक्रम आपल्यापैकी अनेकींनी सोसला आहे. सदाशिव पेठेत असो की कोथरूडच्या सोसायटीत, पाहुणे यायचे, चार प्रश्न विचारायचे, पोह्यांची तारीफ करायचे आणि निघताना म्हणायचे, "कळवतो." मग आठ दिवस, पंधरा दिवस घर फोनकडे डोळे लावून. मध्यस्थाने खोदून विचारलं की उत्तर यायचं, पत्रिका जुळत नाही. खरं कारण मुलीला कधीच कळायचं नाही. आणि कारण कळलं नाही की ते कारण ती स्वतःत शोधायची. रंग, उंची, आवाज, त्या दिवशी नेसलेली साडी.

आज पुण्यातली नोकरी करणारी मुलगी स्वतःचा फोटो स्वतः निवडते, स्वतःबद्दल चार ओळी स्वतः लिहिते, कोणाशी बोलायचं ते स्वतः ठरवते. हा बदल लहान नाही. पण 'कळवतो' म्हणून गेलेल्या माणसाची वाट पाहणं मात्र तिने जसंच्या तसं सोबत आणलं आहे. फरक एवढाच, की तेव्हा विचारायला मध्यस्थ तरी होता आणि वाट पाहण्यात सारं घर सामील होतं. आता ती एकटी असते, रात्री साडेअकराला, पांघरुणात फोनचा उजेड. बहुतेकींच्या घरी हे माहीतच नसतं. म्हणून हा आपला विषय आहे असं मला वाटतं. त्या गप्प बसण्यामागे नेमकं काय असतं, ते नीट समजून घेतलं तर 'माझं काय चुकलं' या प्रश्नाचा जोर पुष्कळ कमी होतो.

आधी होकार, मग निवड

पहिली गोष्ट समजून घ्यायची ती 'मॅच' या शब्दाची. दोघांनी एकमेकांच्या फोटोवर उजवीकडे बोट सरकवलं की ॲप सांगतं, तुमची जोडी जुळली. मुलीला वाटतं, त्याने मला निवडलं. कारण तिने त्याला निवडलेलं असतं. तिने फोटो पाहिलेले असतात, शिक्षण वाचलेलं असतं, 'मांजर आवडतं' हेसुद्धा वाचलेलं असतं.

पुरुषांच्या बाजूला पुष्कळदा असं घडत नाही. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या आणि त्यांच्या सोबतच्या संशोधकांनी 2016 साली टिंडरवर एक अभ्यास केला. त्यांनी स्वतः तयार केलेली प्रोफाइल लंडन आणि न्यूयॉर्क इथे ठेवली आणि काय होतं ते मोजलं. जुळणी झालेल्या पुरुषांपैकी फक्त 7 टक्क्यांनी पुढे संदेश पाठवला, स्त्रियांपैकी 21 टक्क्यांनी. पुरुषांच्या संदेशाची मधली लांबी होती 12 अक्षरं, म्हणजे 'हाय, कशी आहेस' एवढीच. स्त्रियांची 122 अक्षरं. मात्र जे पुरुष लिहीत ते चटकन लिहीत, जुळणी झाल्यावर पाच मिनिटांच्या आतच त्यांचे बरेचसे संदेश निघालेले असत.

हा अभ्यास पुण्यातला नाही, आणि आकडे इथे तसेच्या तसे लागू होतील असं मी म्हणत नाही. पण त्यातून जे चक्र दिसतं ते आमच्याकडे येणाऱ्या मुलींच्या अनुभवाशी जुळतं. पुरुषांना उत्तरं कमी मिळतात, म्हणून ते फारसं न पाहता भराभर होकार देत सुटतात. स्त्रियांना होकारांचा ढीग मिळतो, म्हणून त्या आणखी चोखंदळ होतात. त्यामुळे पुरुषांना आणखी कमी उत्तरं मिळतात आणि ते आणखी अंदाधुंद होकार देतात.

याचा परिणाम असा, की ती निवड करून मग बोलायला बसते आणि तो बोलायला बसल्यावर निवड करायला लागतो. पहिल्या दिवसाची ती धबधब्यासारखी उत्तरं म्हणजे पुष्कळदा ओढ नसते, ती चाळणी असते. त्या रात्री तो आणखी दोघी-तिघींशी तेवढ्याच वेगाने बोलत असू शकतो. चार दिवसांनी त्याने तुला नाकारलेलं असतं असंही नाही. त्याने अजून काहीच ठरवलेलं नसतं.

पहिल्या दिवसाचं घड्याळ

दुसरी गोष्ट ॲपच्या रचनेची. बंबल हे ॲप भारतात 2018 च्या डिसेंबरात आलं आणि त्याची मोठी जाहिरात झाली ती 'पहिलं पाऊल बाईचं' अशी. त्यात जुळणी झाली की 24 तासांच्या आत बाईने पहिला संदेश पाठवायचा, आणि मग पुरुषाने 24 तासांच्या आत उत्तर द्यायचं, नाहीतर ती जुळणी नाहीशी होते. 2024 पासून बाईला आधीच एक प्रश्न लिहून ठेवता येतो आणि पुरुषाने त्याला उत्तर देऊन सुरुवात केली तरी चालते. पण पहिल्या एक-दोन दिवसांवर घड्याळाचा धाक आहे तो आहेच.

आता विचार करा. घड्याळ संपत आलं की माणूस उत्तर देणारच. कारण नाही दिलं तर हातातली जुळणी जाते. पण एकदा दोघांनी एकेक संदेश लिहिला की घड्याळ बंद होतं. त्यानंतर ती जुळणी यादीत पडून राहते, महिना महिना. त्याला घाई उरत नाही आणि नाही म्हणायची गरजही उरत नाही. म्हणजे पहिल्या दिवशीचा वेग थोडा ॲपने उसना दिलेला असतो. तो परत घेतला की जो वेग उरतो तो त्या माणसाचा खरा वेग. म्हणून पहिल्या दोन दिवसांवरून कुणाचाही स्वभाव ठरवू नये, चांगला नाही आणि वाईटही नाही.

घड्याळ नसलेल्या ॲपवरही थोडंफार असंच होतं. नवी जुळणी झाली की फोन वाजतो, नाव यादीत सगळ्यात वर येतं. चार दिवसांनी त्यावर नव्या नावांचा थर चढतो. कुठल्या तरी रात्री तो यादी खाली सरकवत येतो, तुझं नाव दिसतं आणि तो लिहितो, "अगं, खूप बिझी होतो. कशी आहेस?"

बस स्टॉपवर अडकलेली बाई

आता तिसरी गोष्ट, आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच. तो गप्प का होतो यापेक्षा त्याच्या तशा येण्या-जाण्याने आपलं काय होतं?

पीएमटीच्या, म्हणजे आताच्या पीएमपीच्या स्टॉपवर उभं राहिलेल्या बाईला हे पटकन समजेल. बस दर वीस मिनिटांनी नेमाने येत असेल तर आपण मधल्या वेळात कोपऱ्यावरून भाजी घेऊन येतो. बस बंदच झाली आहे असं कुणी सांगितलं तर रिक्षा पाहतो किंवा चालू लागतो. पण बस कधीही येईल, आत्ता येईल किंवा तासाने, असं असलं की आपण स्टॉप सोडत नाही. भाजी नाही, रिक्षा नाही. जितका वेळ थांबलो तितकं निघणं कठीण, कारण आता इतका वेळ घालवलाच आहे.

मानसशास्त्रात हे फार पूर्वी मोजलं गेलं आहे. बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी कबुतरांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून 1957 साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. कबुतराने बटणावर चोच मारली की दाणा पडतो. ठरलेल्या चोचींनंतर दाणा पडत असेल तर दाणा खाऊन कबूतर जरा विसावतं. दाणे पडणं थांबलं तर काही वेळाने ते बटणही सोडून देतं. पण दाणा कधी तिसऱ्या, कधी तिसाव्या चोचीला पडत असेल तर ते न थांबता चोच मारत राहतं, आणि दाणे पूर्ण बंद केल्यावरही फार उशिरापर्यंत मारत राहतं. जुगाराचं यंत्र चालतं ते याच तत्त्वावर. टिंडरच्या संस्थापकांपैकी एक, जोनाथन बदीन, यांनी 2018 सालच्या एका माहितीपटात आपल्या ॲपची रचना काहीशी तशा यंत्रासारखी चालते हे बोलूनही दाखवलं होतं. 14 फेब्रुवारी 2024 रोजी अमेरिकेत टिंडरच्या मालक कंपनीवर, माणसांना ॲपचं व्यसन लागेल अशी रचना मुद्दाम केल्याचा दावा दाखल झाला. कंपनीने तो आरोप साफ नाकारला.

म्हणजे जी मुलगी दिवसातून चाळीस वेळा फोन उघडून पाहते ती दुबळी नाही, अडाणी नाही, आणि बहुधा ती त्या माणसाच्या फारशा प्रेमातही नसते. तिला अजून तो धड माहीतही नाही. एक दिवस भरपूर आणि चार दिवस काहीच नाही, या आळीपाळीनेच ती ओढ तयार केलेली असते. तोच माणूस रोज संध्याकाळी नेमाने दहा मिनिटं बोलला असता तर कदाचित तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच ठरवलं असतं, नको, कंटाळवाणा आहे.

वहीचे चार रकाने

आता एका मैत्रिणीची हकीकत सांगते. तिची परवानगी आहे, पण नाव-गाव सांगत नाही. तिशीची, हिंजवडीला नोकरी, वाकडला दोघींसोबत भाड्याच्या घरात राहते. ती आली तेव्हा त्या माणसाशी ओळख होऊन तीन आठवडे झाले होते. तिच्या मते ते दोघं 'जवळजवळ रोज' बोलत होते.

आम्ही वही घेतली आणि चार रकाने आखले. दिवस. सुरुवात कोणी केली. किती वाजता. आणि चौथा रकाना, त्याने तुझ्याबद्दल काय विचारलं. आठवणीवर विसंबायचं नाही, फोनमध्ये सगळं वेळेसकट होतंच. पाऊण तास लागला.

एकवीस दिवसांपैकी बोलणं झालं होतं ते पाच दिवस. पहिला, दुसरा, सातवा, तेरावा आणि विसावा. मधली खंडं चार दिवसांची, मग पाच, मग सहा. म्हणजे अंतर वाढत चाललं होतं. तीनही वेळा तोच परतला होता, आणि तीनही वेळा रात्री अकरानंतर. मधल्या काळात तिने तीनदा लिहिलं होतं. एकदा ऑफिसातला गमतीचा प्रसंग, एकदा नुसतं 'बरा आहेस ना', एकदा पावसाचा फोटो. एकाचंही उत्तर त्या दिवशी आलं नव्हतं. परतल्यावर त्याने त्या संदेशांचा उल्लेखही केला नव्हता. दोनदा तिने भेटू या म्हटलं. दोन्ही वेळा उत्तर होतं, "नक्की, बघू." चौथा रकाना दुसऱ्या दिवसानंतर रिकामा होता. 'काय चाललंय' सोडून त्याने तिच्याबद्दल एकही गोष्ट विचारली नव्हती.

ती बराच वेळ वहीकडे पाहत बसली. मग म्हणाली, "ताई, मला वाटत होतं हा रोज असतो. रोज मीच होते."

या वाक्यावर आम्ही काही भाष्य केलं नाही. फक्त पुढचं ठरवलं. तिने त्याला एक संदेश लिहिला. त्यात राग नाही, टोमणा नाही, 'तू असा का वागतोस' नाही. "शनिवारी सकाळी अकराला डेक्कनला चहा घेऊ. जमत नसेल तर तुला जमेल तो दिवस सांग." या संदेशाची घडण मुद्दाम अशी आहे. त्यात दिवस आहे, वेळ आहे, जागा गजबजलेली आहे, आणि नाही म्हणायला सोपी वाट आहे. 'बघू' या उत्तराला मात्र त्यात जागा नाही. कोणी 'बघू' म्हटलंच तर ते उत्तर नाही असं वाचायचं, हेही आधीच ठरवून ठेवलं. पाच दिवस उत्तर आलं नाही. सहाव्या रात्री, पावणेबाराला, "हाय, कशी आहेस?" तिने लिहिलं, "मजेत. भेटण्याबद्दल उत्तर आलं नाही, म्हणून मी इथे थांबते. शुभेच्छा."

गंमत अशी, की त्याचं उत्तर दोन मिनिटांत आलं, आणि ते बऱ्यापैकी प्रामाणिक होतं. त्याची रात्रपाळी असते, कामाचा जोर कमी असला की तो ॲप उघडतो, वेळ बरा जातो. भेटायचं असं त्याच्या मनात खरं तर नव्हतंच. 'तू चांगली आहेस म्हणून तोडावंसं वाटलं नाही.' हा माणूस खलनायक नाही. त्याला करमणूक हवी होती, तिला सोबत हवी होती, आणि दोघंही एकाच खिडकीपाशी उभी होती, एवढंच.

तीच शांतता, वेगळा अर्थ

आता दुसरी बाजू, म्हणजे अन्याय व्हायला नको. आमच्याच गटातल्या दुसऱ्या एका मैत्रिणीला भेटलेला माणूस सलग सात दिवस गप्प होता, पहिल्यापेक्षाही जास्त. पण जाण्याआधी त्याने लिहिलं होतं, "वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, मी साताऱ्याला चाललोय. पुढच्या गुरुवारपर्यंत माझ्याकडून फारसं बोलणं होणार नाही." गुरुवारी नाही, शुक्रवारी आला. आल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, "तुझी मुलाखत सोमवारी होती ना, कशी झाली?" आणि त्याच दिवशी त्याने भेटायचा वार सुचवला.

म्हणून दिवस मोजून फार काही कळत नाही. परत येताना माणूस काय घेऊन येतो ते पाहायचं. गेल्या वेळचा धागा त्याला आठवतो का? त्याच्या येण्याने गोष्ट पुढे सरकते का, की दर वेळी 'कशी आहेस' पासून नव्याने सुरू होते? आणि तू सुचवलेला दिवस जमत नसेल तर तो दुसरा दिवस देतो का? या तीन प्रश्नांची उत्तरं साधारण तीन आठवड्यांत मिळतात. त्याहून जास्त काळ वाट पाहून नवीन काही कळलं, असं आमच्या पाहण्यात फारसं आलेलं नाही.

'ऑनलाइन दिसत होता, पण लिहिलं नाही,' ही तक्रार हमखास असते. पूर्वी पत्र टपालात गहाळ झालं असेल असं म्हणून मनाची समजूत घालता यायची. व्हॉट्सॲपने 2014 च्या नोव्हेंबरात निळ्या खुणा आणल्या आणि तीही सोय गेली. पण ऑनलाइन असणं म्हणजे फक्त ॲप उघडं असणं. तो आईशी बोलत असेल, ऑफिसच्या गटात असेल. त्यावरून काही अनुमान काढू नये. आणि त्या खुणांवर पहारा ठेवण्यात जाणारी रात्र आपली असते, त्याची नव्हे.

दोन प्रकार मात्र वेगळे ओळखावेत. पहिला, ज्याची शांतता वेळापत्रकाने चालते. सोमवार ते शुक्रवार ऑफिसच्या वेळात भरपूर बोलणं, आणि संध्याकाळी सातनंतर, शनिवार-रविवारी, गणपतीत, दिवाळीत चिडीचूप. फोन कधी उचलत नाही, स्वतःच म्हणेल तेव्हाच करतो. असा माणूस विवाहित असण्याची शक्यता मनात धरावी. शक्यता म्हणते आहे, कारण दोन खोल्यांच्या घरात आईवडील-भावंडांसोबत राहणाऱ्या माणसालाही संध्याकाळी बोलायला कोपरा नसतो. संशय घेत बसण्यापेक्षा एका रविवारी दिवसा व्हिडिओवर बोलू या असं सरळ म्हणावं. तेही दर वेळी टळत गेलं तर उत्तर मिळालं असं समजावं.

दुसरा प्रकार याच्या उलट आहे, आणि तो धोक्याचा. फसवणूक करणारा गप्प होतच नाही. सकाळी शुभप्रभात, रात्री शुभरात्री, जेवलीस का, औषध घेतलंस का. दोन-तीन दिवसांत तो ॲपवरून दुसरीकडे बोलायला नेतो, आठवड्या-दोन आठवड्यांत गुंतवणुकीची एखादी 'खात्रीची' वाट दाखवतो किंवा कस्टममध्ये अडकलेल्या भेटवस्तूसाठी पैसे मागतो. त्याची शांतता येते ती पैसे द्यायला नकार दिल्यावर, शिक्षा म्हणून. आणि ती मोडते पैसे दिल्यावर. पैशाचा विषय निघाला की तिथेच थांबावं. पैसे गेले असतील तर लाजेने दिवस घालवू नका, ताबडतोब 1930 या क्रमांकावर फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी अडवता येतात ते पहिल्या काही तासांतच.

आपली शांतता

हे सगळं लिहिताना एक गोष्ट सोयीस्करपणे विसरून चालणार नाही. गप्प आपणही होतो. केंद्रातल्या चर्चेत हे निघालं तेव्हा आधी सगळ्या हसल्या, मग एकेक बोलू लागली. एकीने बोलणं थांबवलं कारण समोरच्याने तिसऱ्याच संदेशात आडनावावरून जात काढायचा प्रयत्न केला. एकीने, कारण त्याने रात्री एकला फोटो मागितला. एकीने, कारण तिच्या खोलीतल्या मैत्रिणीने फोन पाहिला. आणि एकीने, कारण नुसता कंटाळा आला.

बाईच्या गप्प बसण्यामागे पुष्कळदा भीती असते. स्पष्ट 'नाही' म्हटलं तर तो शिव्या देईल, फोटो पसरवेल, ऑफिसबाहेर येऊन उभा राहील. ही भीती कल्पनेतली नाही. म्हणून उत्तर न देणं हा आपला हक्क आहे आणि कधी कधी ते संरक्षणही आहे. पण कायद्याची एक बाब माहीत असू द्या. भारतीय न्याय संहितेचं कलम 78, जे 1 जुलै 2024 पासून लागू झालं आणि ज्याच्या जागी पूर्वी भारतीय दंड संहितेत 2013 साली आलेलं 354 ड होतं, ते पाठलागाचा गुन्हा सांगतं. त्यात बाईने अनिच्छा स्पष्ट दाखवली असूनही पुन्हा पुन्हा संपर्क साधणं हे येतं. निव्वळ न बोलण्याला 'स्पष्ट' म्हणायचं का, यावर वाद घातला जाऊ शकतो. म्हणून कोणी मागे लागणार असं वाटलं तर गप्प होण्याआधी एक ओळ लिहून ठेवावी, "मला पुढे बोलायचं नाही. कृपया संपर्क करू नका." तिचा स्क्रीनशॉट घ्यावा आणि मगच ब्लॉक करावं. ब्लॉक केल्यावर काही ॲपवर सारं संभाषण दिसेनासं होतं, म्हणून हा क्रम उलटा होऊ देऊ नये.

आणि जिथे भीती नाही, नुसताच कंटाळा आहे, तिथे आपणही ती एक ओळ लिहावी असं मला मनापासून वाटतं. 'कळवतो' म्हणून निघून गेलेल्या माणसांनी आपल्या आयांची किती वर्षं खाल्ली ते आपण पाहिलं आहे. ती रीत आपण का चालवायची?

वसतिगृहांत, महिला मंडळांत, कॉलेजच्या गटांत हा विषय काढणार असाल तर सुरुवात उपदेशाने करू नका, 'ॲप वाईट' असंही म्हणू नका. मुली दुसऱ्या दिवसापासून यायच्या थांबतील. त्यापेक्षा वही आणि चार रकाने पुढे ठेवा. भरायचे की नाही हे त्यांनी ठरवायचं, आणि कोणी भरले तर ते मोठ्याने वाचायला लावायचं नाही. आमच्याकडे ज्या मुलींनी ते भरले त्यांतल्या काहींनी बोलणं थांबवलं, एक-दोघींनी चालू ठेवलं. त्या वाकडच्या मैत्रिणीने ॲप काढून टाकलेलं नाही. गेल्या महिन्यात भेटली तेव्हा तिला मी विचारलं, आता कसं चाललंय. म्हणाली, "चाललंय. पण ताई, आता रात्री फोन स्वयंपाकघरात ठेवते."